तंबोऱ्यातला गंधार आणि पेटीतला गंधार

तंबोरा चांगला जुळला आणि जवारी जागेवर बसली की कुणी न छेडलेला एक स्वर त्यातून ऐकू येऊ लागतो. चार तारा असतात पंचम, षड्ज, षड्ज आणि खर्ज यांच्या. गंधाराची तार त्यात कुठेच नसते. तरी खर्जाची तार छेडली की क्षणभराने तिच्या आवाजाच्या पोटातून गंधार वर येतो. जुने लोक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, आणि हे नाव अगदी नेमकं आहे, कारण तो कुणी लावलेला नसतो.

तो कुठून येतो हे समजायला अवघड नाही. तार थरथरते तेव्हा ती पूर्ण लांबीने तर थरथरतेच, शिवाय तिचे दोन, तीन, चार, पाच सारखे भागही आपापल्या परीने थरथरत असतात. पुस्तकांत हिशोबाच्या सोयीसाठी मध्य षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरतात. मग खर्ज १२० चा. त्याच्या पाच भागांतून येणारा आवाज १२० च्या पाचपट, म्हणजे ६०० कंपनांचा. हाच तार सप्तकातला शुद्ध गंधार, आणि एक सप्तक खाली उतरलं की मध्य गंधार ३०० चा. गाणारा तंबोऱ्यात आवाज मिसळून गंधार लावतो तेव्हा त्याचा कान नकळत या ३०० कडे ओढला जातो.

त्याच षड्जावरून पेटीचा गंधार दाबला तर तो येतो ३०२.४ चा.

फरक अडीच कंपनांचाही नाही. कागदावर तो क्षुल्लक वाटतो, पण तंबोऱ्याबरोबर तसा वाटत नाही. पेटीच्या सुरातही दुप्पट कंपनांचा अंश भरपूर असतो, तो ६०४.८ वर पडतो. तंबोऱ्यातून ६०० येत असतात. दोन जवळजवळचे आवाज एकत्र आले की त्यांच्या फरकाइतक्या लाटा दर सेकंदाला ऐकू येतात. इथे त्या जवळजवळ पाच. गंधारावर ठेहराव घेतला की स्वर शांत बसण्याऐवजी ‘वंव-वंव-वंव’ असा डोलत राहतो. पुरुष गायकाच्या काळी एकमध्ये सगळेच आकडे खाली येतात, तरी सेकंदाला पावणेतीन लाटा उरतातच.

हे घरी तपासून पाहता येतं. पेटीचा एकच सूरसंच चालू ठेवायचा, खालच्या सप्तकाचा खर्ज तरी नाहीतर वरचा नर तरी. दोन्ही उघडे ठेवले तर त्यांच्या आपसातल्या बारीक फरकाच्या लाटा ऐकू येतात आणि फसगत होते. मग तंबोरा पेटीच्या षड्जाशी जुळवायचा. मोबाइलवरच्या आकड्याशी नाही, समोरच्या पेटीच्या सुराशीच. पेटीचा षड्ज दाबून तारेशी लाटा पूर्ण थांबेपर्यंत खुंटी आणि मणी फिरवायचे. भाता हलका आणि एकसारखा ठेवायचा, कारण जोराने हवा दिली की सूर किंचित उतरतो, विशेषतः खालच्या सप्तकातले. आता पंचम दाबा. तो जवळजवळ स्थिर लागेल, कारण शुद्ध पंचम ३६० चा आणि पेटीचा ३५९.६ चा. नंतर गंधार दाबा. हार्मोनियम आपल्या रागसंगीताला चालतं की नाही, हा शंभर-सव्वाशे वर्षांचा वाद त्या एका पट्टीवर ऐकू येतो.

हा ३०२.४ आला कुठून? कारागीर चुकला म्हणून नव्हे. उलट अगदी काटेकोर जुळवलेल्या पेटीतच तो नेमका ३०२.४ असतो. हवेच्या झोताने थरथरणारी धातूची जीभ ही कल्पना युरोपने पूर्वेकडून घेतली, चीनच्या ‘शंग’ या वाद्यात ती फार आधीपासून होती. फ्रान्समध्ये ग्रेनिए याने १८१० च्या सुमारास अशा जिभांचं पट्टीवाद्य केलं आणि १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने आपल्या सुधारलेल्या वाद्याला ‘हार्मोनियम’ हे नाव दिलं. नावातच ‘हार्मनी’ आहे. तीन-चार सूर एकदम दाबून त्यांचा मेळ उभा करायचा, आणि तो मेळ कुठल्याही पट्टीपासून सुरू करता आला पाहिजे, हे त्या संगीताचं मागणं होतं. प्रत्येक पट्टी षड्ज होऊ शकायची असेल तर सप्तकाच्या बाराही पायऱ्या सारख्या उंचीच्या कराव्या लागतात. निसर्गातला गंधार या सारख्या पायऱ्यांवर बसत नाही, म्हणून तो थोडा वर ढकलला गेला. धैवत आणि निषादही वर गेले. कोमल गंधार आणि कोमल धैवत खाली दबले. पंचम आणि मध्यम तेवढे जवळपास जागेवर राहिले. युरोपच्या संगीताने हा सौदा विचारपूर्वक केला, कारण त्याबदल्यात त्याला हवी ती पट्टी मिळत होती.

आपल्याला त्या बदल्यात काय मिळालं? फारसं काही नाही. आपला षड्ज एकदा ठरला की मैफल संपेपर्यंत हलत नाही. जिथून कुठूनही सुरुवात करण्याची सोय आपल्या रागाला लागतच नाही, आणि तरी तिची किंमत आपण गंधारात मोजत बसलो. या वादात मला सगळ्यात खटकणारी गोष्ट हीच आहे. पेटी परदेशी आहे हा मुद्दा माझ्या लेखी गौण आहे. व्हायोलिनही युरोपचंच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते बालुस्वामी दीक्षितर यांच्या हाती आलं आणि कर्नाटक संगीतात असं मुरलं की आज त्याच्यावाचून तिथली मैफल उभी राहत नाही. त्याच्या परकेपणावर वाद पेटला नाही, कारण व्हायोलिनला पडदे नाहीत. बोट हवं तिथे ठेवता येतं आणि हवं तसं सरकवता येतं.

हार्मोनियम भारतात आलं ते मिशनऱ्यांबरोबर आणि युरोपीय घरांतून. तेव्हा ते पायांनी हवा भरायचं, टेबलाएवढं उंच, खुर्चीवर बसून वाजवायचं वाद्य होतं. दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहावेत म्हणून भाता पायांत दिलेला. कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ मध्ये वाद्यांचं दुकान काढलं. हातपेटी घडवण्याचं आणि रुळवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. ठेवण बदलली ती अशी: पाय गेले, पेटी बैठी झाली, भाता मागच्या बाजूला आला आणि डाव्या हाताने चालू लागला. दिसायला हा बदल छोटा, पण त्यामागची समज मोठी होती. आपलं संगीत एका वेळी एका स्वराचं, त्यामुळे उजवा हात एकटा पुरतो आणि डावा भात्याला मोकळा मिळतो. वाद्य जमिनीवर आलं तसा वाजवणाराही गाणाऱ्याच्या शेजारी मांडी घालून बसला. शिवाय षड्ज-पंचम सतत चालू ठेवायला बाहेर ओढायच्या खुंट्या आल्या. मेळ उभा करण्यासाठी जन्मलेलं वाद्य इथे एकेरी सुरावटीचं झालं. पुढे ग्वाल्हेरच्या भैया गणपतरावांनी त्यावर ठुमरी अशी खुलवली की पेटी ही नुसती साथीची वस्तू आहे असं म्हणायची सोय राहिली नाही. महाराष्ट्रात संगीत नाटकांनी पेटी आणि पायपेटी गावोगाव नेली, गंधर्व मंडळींच्या ऑर्गनचा आवाज हा तर नाट्यपदाचाच एक भाग झाला, आणि गोविंदराव टेंब्यांनी स्वतंत्र पेटीवादनाला मैफलीत जागा मिळवून दिली.

वाद्याची बांधणी बदलली, पण सुरांची जुळणी तीच युरोपीय राहिली, हे इथे लक्षात ठेवावं लागतं.

पेटीने जागा घेतली ती सारंगीची. सारंगीला तीन मुख्य तारा आतड्याच्या आणि त्यांच्याखाली आपोआप झंकारणाऱ्या तीस-पस्तीस बारीक तारा, म्हणजे तरफा. प्रत्येक रागासाठी तरफा नव्याने जुळवाव्या लागतात. त्यात वेळ जातो, आणि हवा दमट झाली की सगळा मेळ हलतो. मुख्य तारेवर बोट वरून टेकत नाही, नखाच्या मुळाशी असलेली कातडी तारेच्या कडेला लावायची असते. सूर हातात यायला वर्षं जातात. त्यातच कोठ्यावरच्या गाण्याशी जोडलं गेल्यामुळे सारंगियाला प्रतिष्ठित घरांत आणि नव्या संगीतशाळांत मान नव्हता. अशा वेळी कुणीही उचलून आणावी, झाकण उघडावं आणि दोन मिनिटांत गाणं सुरू व्हावं, अशी पेटी आली. पट्टी दाबली की सूर ठाम मिळतो, आवाज मोठा, सभागृहाच्या मागच्या रांगेपर्यंत जाणारा. सारंगीच्या बाजूने कितीही जीव तुटला तरी ही सोय खोटी नव्हती हे मान्य करावंच लागतं.

आता गंधाराकडे परत येऊ. तो दुरुस्त करता येईल का, हा प्रश्न सगळ्यात आधी गांभीर्याने हाती घेतला तो आपल्याच सांगलीच्या माणसाने. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी तारेच्या लांब्या मोजून सप्तकातल्या बावीस श्रुतींचं, म्हणजे सूक्ष्म स्वरस्थानांचं, गणित मांडलं आणि १९१० मध्ये ते इंग्रजीत छापलं. गाण्याच्या बाजूने अब्दुल करीम खाँ यांचं साहाय्य होतं, आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स या आय.सी.एस. न्यायाधीशाने हे काम उचलून धरलं. लंडनच्या मूर या वाद्य बनवणाऱ्याकडून श्रुती-हार्मोनियम करून घेतलं गेलं. सप्तकात बाराऐवजी जास्त सूर, त्यासाठी जास्तीच्या पट्ट्या. १९१६ मध्ये बडोद्याला भातखंड्यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथेही श्रुतींचा हा वाद आला. भातखंड्यांचं म्हणणं असं की प्रत्यक्ष व्यवहारातल्या रागांची मांडणी बारा स्वरांवर करता येते, आणि प्राचीन श्रुती आजच्या अमुक आकड्यावरच आहेत असं ठामपणे सांगता येत नाही.

श्रुती-हार्मोनियम चाललं नाही. एक तर पट्ट्या वाढल्या की बोटांची सवय मोडते, आणि द्रुत तानेत ‘आता कुठला गंधार’ हे ठरवायला वेळ नसतो. दुसरं, नेमके सूर कुठले यावर दोन जाणकारांचं एकमत होईना. ही कल्पना अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी जास्त सुटसुटीत केली. पट्ट्या नेहमीच्या बाराच ठेवल्या. षड्ज आणि पंचम सोडून उरलेल्या दहा स्वरांना प्रत्येकी दोन सूर दिले, आणि त्यातला कुठला वाजायचा ते खुंटी ओढून आधी ठरवायचं. दहाचे वीस आणि वर दोन, झाले बावीस. बोटांची सवय मोडत नाही आणि रागाला हवा तो गंधार आधीच निवडून ठेवता येतो.

ज्यांच्याकडे असली पेटी नाही तेही नेहमीची पेटी एका षड्जाला ‘गांधार’ जुळवून घेतात. तंबोऱ्यातल्या गंधाराशी लाटा थांबतील अशी ही जुळणी. त्यात नेमकं काय करतात ते जवळून पाहण्यासारखं आहे. सूर म्हणजे पितळी पट्टीला एका टोकाला रिवेटने बसवलेली पातळ पितळी जीभ. दुसरं टोक मोकळं. जिभेखाली पट्टीत तिच्याच आकाराची फट असते आणि हवा त्यातून जाताना जीभ आत-बाहेर थरथरते. मोकळ्या टोकाकडून धातू खरवडला की टोक हलकं होतं, जीभ जलद थरथरते, सूर चढतो. रिवेटच्या बाजूला खरवडलं की जीभ तिथे मऊ पडते आणि सूर उतरतो. गंधार उतरवायचा आहे, म्हणजे रिवेटच्या अंगाला. जिभेखाली पातळ पत्र्याची पट्टी सरकवून तिला आधार द्यायचा, म्हणजे ती वाकत नाही, आणि बारीक कानशीने दोन-तीन हलके हात मारायचे. बस्स, इतकंच.

यानंतर घाई झाली तर सूर बिघडतो. घासल्याने जीभ गरम होते, आणि गरम जीभ थोडी उतरलेली वाजते. लगेच तपासलं तर गंधार बरोबर आलासा वाटतो, आणि पेटी बंद करून चहा पिऊन यावं तर तो पुन्हा चढलेला. म्हणून दर वेळी जीभ निवू द्यायची, सूर पेटीत बसवून हलक्या हवेवर तंबोऱ्याशी ऐकायचा, मग पुढचा हात. हात जास्त पडला तर टोकाकडून खरवडून चढवता येतो, पण अशी दोन्हीकडून पातळ झालेली जीभ कमजोर होते, जोराच्या हवेवर कुरकुरते आणि एक दिवस तुटते. जीभ फटीच्या मधोमध राहिली नाही किंवा आत धुळीचा कण बसला तर सूर खरखरतो. त्याला खरवडण्याची गरज नसते, नुसतं साफ करून मध्यावर आणलं की काम होतं. धैवत आणि निषादही असेच उतरवायचे. कोमल गंधार आणि कोमल धैवत मात्र टोकाकडून चढवायचे. दोन सूरसंच असले तर हे सगळं दोनदा, प्रत्येक सप्तकात.

आता पेटी गोड झाली. गंधार दाबला की तंबोऱ्यात विरघळतो. या अनुभवासाठी एवढी मेहनत करावी, असं मला मनापासून वाटतं. पण किंमत इथेही मोजावी लागते. जुळणी झाल्यावर ऋषभ आहे २७० चा, धैवत ४०० चा. समजा दुसरी गायिका आली आणि तिला त्या ऋषभाच्या पट्टीपासून गायचं आहे. तिचा षड्ज २७०. तिचा पंचम त्याच्या दीडपट, म्हणजे ४०५ हवा. त्या जागी पेटीत धैवत बसलाय ४०० चा. पाच कंपनांचा पंचम उतरलेला! षड्ज-पंचम एकदम दाबले तर सेकंदाला दहा लाटा. गंधाराचा दोष काही कान सोसतात, असा पंचम कोणीच सोसत नाही. म्हणजे एका षड्जाला जुळवलेली पेटी त्या षड्जाचीच.

स्केलचेंजर असला तरी सुटका नाही. स्केलचेंजरमध्ये पट्ट्यांची चौकट सुरांवरून सरकते. बोटांना सवयीच्या पट्ट्या मिळतात, पण खालचे सूर जागचे हलत नाहीत. काळी एकच्या षड्जाला जुळवलेले सूर काळी एकच्याच षड्जाला राहतात, वर पट्ट्या कुठेही सरकवा. अनेक कलाकारांना साथ करणारे लोक म्हणून सारख्या पायऱ्यांची पेटीच ठेवतात. हा त्यांचा आळस नाही. आज काळी एक, उद्या पांढरी चार, परवा काळी पाच, असं ज्यांना वाजवायचं आहे, त्यांना दुसरा मार्ग नाही.

आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून पेटी बंद केली. या बंदीच्या आधी दिल्ली केंद्राचे पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख जॉन फोल्ड्स यांनी आकाशवाणीच्या नियतकालिकात पेटीविरुद्ध लिहिलं होतं. ते स्वतः संगीतकार होते आणि पाव सुरांचे प्रयोग त्यांनी आपल्या रचनांत केलेले, त्यामुळे बारा ठाम पायऱ्यांत काय हरवतं याची त्यांना जाण होती. जानेवारी १९४० मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी कोलकाता केंद्राला पत्र लिहून पेटीची साथ बंद करा असं सुचवलं. आपल्या आश्रमातून ती त्यांनी आधीच काढून टाकली होती. बंदी तीस वर्षांहून जास्त टिकली. १९७० मध्ये आकाशवाणीने या विषयावर चर्चासत्र घेतलं आणि पुढच्या वर्षी बंदी सैल झाली, तीही आधी वरच्या श्रेणीतल्या कलाकारांच्या साथीपुरती. त्या मधल्या काळात रेडिओबाहेरच्या मैफलींत, शिकवण्यांत, भजनांत पेटी चालूच राहिली. एक मोठी पिढी पेटीवर सा-रे-ग-म घोकत गायला शिकली. गंधाराच्या बाजूने पाहिलं तर बंदीपेक्षा जास्त परिणाम या घोकण्याचा झाला, असं मला वाटतं. कान पहिल्या दिवसापासून ३०२.४ वर तयार झाला की पुढे तंबोऱ्यातला ३०० त्याला उतरलेला वाटायला लागतो. शिकवणाऱ्याने सुरुवातीचे महिने पेटीवर षड्ज-पंचमच धरावेत आणि बाकीचे स्वर तंबोऱ्यावर काढून घ्यावेत, इतका सोपा उपाय यावर आहे. ज्या गुरूंनी तो पाळला त्यांचे शिष्य पेटीबरोबर गातानाही गंधार आपल्याच जागी ठेवतात.

पण समजा, गंधार दुरुस्त झाला. अगदी ३०० वर बसला. तरी वाद संपत नाही, कारण दरबारी उरतो.

दरबारी कानड्यातला गंधार कोमल आहे, आणि तो कुठल्याही एका आकड्यावर उभा राहत नाही. मध्यमाचा कण घेऊन स्वर खाली येतो, कोमल गंधाराच्या नेहमीच्या जागेच्याही जरा खाली झुकतो, तिथे ऋषभाकडे ओढला जातो, पुन्हा वर येतो, संथपणे, दोन-तीनदा. मग मध्यमाला स्पर्श करून ऋषभावर आणि षड्जावर विसावतो. हे आंदोलन म्हणजेच दरबारीचा गंधार. ते काढून टाकलं तर जे उरतं ते अडाण्याच्या किंवा जौनपुरीच्या अंगणात जाऊन पडतं. इथे श्रुती-हार्मोनियम, गांधार जुळणी, बावीस सुरांची पेटी यांपैकी काहीच उपयोगी पडत नाही. कारण अडचण सूर कुठे आहे याची नाही, तो एका जागेवरून दुसऱ्या जागेवर कसा जातो याची आहे. पट्टी अर्धी दाबून आणि हवा वाढवून सूर किंचित वाकवता येतो, पण आवाज मरगळतो आणि किती वाकेल यावर हुकमत राहत नाही. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं, नाही. हे स्पष्ट म्हणावं.

मग पेटीवाला काय करतो? जो काही जाणत नाही तो ऋषभ आणि कोमल गंधार आलटून पालटून दाबतो. त्यातून आंदोलन होत नाही, खटका होतो. कानाला दोन स्वर सुटे ऐकू येतात आणि गायकाच्या सलग स्वरावर दोन खिळे ठोकल्यासारखे होतात. त्याहून वाईट म्हणजे गायक खाली झुकत असताना कोमल गंधार दाबून धरणं. मग गायकाचा आवाज आणि पेटी यांच्यात लाटा उठतात, आणि गायक नाइलाजाने स्वर वर ओढून पेटीला मिळवतो. एकदा का तो तसा मिळाला, की दरबारी गेली.

जाणता साथीदार तिथे बोट उचलतो. मध्यम हलका वाजवून सोडतो, गंधाराचं काम गायकाच्या गळ्यावर आणि तंबोऱ्यावर सोपवतो, भात्याची हवा कमी करतो आणि षड्जावर थांबतो. गायक ‘म रे सा’ करून उतरला की ऋषभ आणि षड्ज भरून देतो, म्हणजे वाक्य पुरं होतं. मधल्या मोकळ्या जागेत गंधार लावावासाच वाटला तर तो मध्यमाच्या कणासह, पाव मात्रेचा, दबलेल्या हवेवर, आणि लगेच सोडलेला. ऐकणाऱ्याला गंधार लागल्याचा भास होतो आणि तो कुठे लागला हे पेटी सांगत नाही. भैरवातला कोमल ऋषभ, मियाँमल्हारातले दोन निषाद, तोडीचा गंधार, सगळीकडे हेच.

उलट काही राग पेटीवर कमी त्रास देतात. भूप आणि देशकार यांचे पाच स्वर तेच. पेटीवर तर पट्ट्याही त्याच. पण भूपात गंधारावर घुटमळायचं आणि खालच्या अंगाने फिरायचं, देशकारात धैवतावर न्यास करून वरच्या अंगाने. हा फरक ठेहरावाचा आणि चलनाचा आहे, म्हणून तो पेटीवर स्वच्छ दिसतो. मारवा, पूरिया, सोहनी यांच्या बाबतीतही बरंचसं असंच. रागाचं चलन, न्यास, वजन हे पेटी दाखवू शकते. स्वराच्या आतली हालचाल तिला दाखवता येत नाही. ठुमरी-नाट्यगीतात छोट्या हरकती, मुरक्या, बोलांची लगबग जास्त, लांब मींड तुलनेने कमी, म्हणून तिथे पेटी इतकी शोभते. ध्रुपद गाणारे मात्र तिला जवळ येऊ देत नाहीत, कारण त्यांचा आलाप म्हणजे जवळजवळ सगळी मींडच.

पेटीच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गायकही ३०० च्या खिळ्याला बांधलेले नसतात. नाझिर जयराजभॉय आणि स्टोन या संशोधकांनी १९६३ मध्ये मोजमापं छापली, त्यांत एकाच कलाकाराचा तोच स्वर एकाच मैफलीत वेगवेगळ्या उंचीवर आढळला. म्हणून ‘शुद्ध गंधार ३००, बाकी सगळं अपवित्र’ अशी भूमिका घेणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण गायकाचा गंधार हलतो तो संदर्भाने: वर जाताना वेगळा, खाली येताना वेगळा, ठेहरावावर तंबोऱ्यात मिसळणारा. पेटीचा गंधार हलत नाही. तो प्रत्येक वेळी, प्रत्येक रागात, चढताना आणि उतरताना, त्याच एका जागी वाजतो. आक्षेप घ्यायचा तर या न हलण्यावर घ्यावा.

म्हणूनच साथीला बसल्यावर पेटीवाल्याचा डावा हात उजव्याइतकाच कामाचा असतो. विलंबित ख्याल चालू आहे, गायक शुद्ध गंधारावर दीर्घ थांबतोय, तंबोरा भरून वाजतोय. उजवं बोट गंधारावर असेल तर डाव्याने भाता इतका सैल करावा की पेटीचा आवाज तंबोऱ्याखाली जाईल. तरीही लाटा ऐकू आल्या तर गंधार सोडून षड्जावर यावं आणि पंचम त्यात मिसळावा. खर्जाच्या तारेतला स्वयंभू गंधार तेवढ्यात वर येतो, आणि गायकाला जो स्वर हवा असतो तो त्याला तिथून मिळतो.